आगाऊ पगाराचा अर्ज : किती मागायचं, कसं लिहायचं, कसं फेडायचं

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमधल्या गाळ्यांत स्टीलची भांडी तयार होतात, पॉलिश होतात आणि खोक्यांत भरून बाजारात जातात. दहा, वीस, फार तर चाळीस माणसांचे हे कारखाने. इथे मनुष्यबळ विभाग नसतो. वर शेठ असतात आणि खाली हिशेब बघणारा एक अकाउंटंट असतो. घरात कोणी दवाखान्यात दाखल झालं की कामगार रात्री शेठना फोन करतो आणि सकाळी केबिनच्या दाराशी उभा राहतो. कधी पैसे मिळतात, कधी ‘सात तारखेला बघू’ असं उत्तर मिळतं. मिळाले तरी किती, कशापोटी आणि परत कसे करायचे, याची नोंद बहुतेकदा अकाउंटंटच्या डायरीतल्या एका ओळीपलीकडे जात नाही.

या व्यवहारात अर्जाला फारसं महत्त्व दिलं जात नाही. ‘शेठ माणूस चांगला असेल तर देईल, कागदाने काय होतंय?’ असं अनेकांना वाटतं. पण पैसे मिळणं, ते पेलवतील अशा हप्त्यांत फिटणं आणि नोकरीतलं स्वातंत्र्य शाबूत राहणं, या तिन्ही गोष्टी त्या एका कागदावर अवलंबून असतात. म्हणून या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकदा नीट पाहायला हव्यात.

कायदा काय देतो, काय देत नाही

आगाऊ पगार मिळणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क नाही. घरात कितीही गंभीर आजारपण असलं तरी उचल दिलीच पाहिजे, अशी सक्ती कोणताही कामगार कायदा खासगी मालकावर करत नाही. कायदा बोलतो तो वसुलीबद्दल. उचल दिली, तर ती पगारातून कशी कापायची यावर त्याने बंधनं घातली आहेत.

या बंधनांना इतिहास आहे. १९२९ साली जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारा शाही आयोग नेमला गेला. मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कामगारांचं कर्जबाजारीपण, उशिरा होणारा पगार आणि मनमानी कपात यांची सविस्तर चर्चा झाली. त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला आणि पगारातून कशापोटी व किती कापता येईल, हे पहिल्यांदा ठरलं. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुना कायदा ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांनाच लागू होता. संहितेत ती मर्यादा राहिलेली नाही.

अर्जदाराच्या दृष्टीने संहितेतला एक आकडा कामाचा आहे. एका महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. पीएफ, व्यवसाय कर आणि उचलीचा हप्ता हे सगळं त्यात आलं. म्हणजे ‘या महिन्याचा पूर्ण पगार उचलीत वळता केला’ असं अकाउंटंट म्हणत असेल, तर ते नियमाला धरून नाही.

दुसरी गोष्ट अर्ज लिहिताना उपयोगी पडते. काम झालेल्या दिवसांचा पगार वेगळा आणि पुढे करायच्या कामाचा पगार वेगळा. महिन्याच्या २० तारखेला पैसे मागणाऱ्या माणसाने २० दिवस काम केलेलंच असतं. ते पैसे मालक आज ना उद्या देणारच असतो, फक्त ७ तारखेऐवजी आज देतो. त्यात त्याची जोखीम जवळजवळ नाही. खरी जोखीम न केलेल्या कामाच्या पगाराची असते. माणूस गावी गेला आणि परतलाच नाही तर काय, ही शेठची भीती तिथली आहे. एकाला दिले की आणखी चौघे मागतील, ही दुसरी भीती. शिवाय त्याचा स्वतःचा पैसाही व्यापाऱ्यांकडे उधारीत अडकलेला असतो. हे ओळखून लिहिलेला अर्ज लवकर मंजूर होतो.

शेठकडे जाण्याआधी

मागायची रक्कम रुग्णालयाच्या बिलाएवढी नसते. इतर मार्गांनी जे भागत नाही, तेवढीच ती असते. म्हणून आधी इतर मार्ग बघायचे.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना राज्य कामगार विमा योजनेत असेल, तर पगारातून पाऊण टक्का रक्कम दर महिन्याला त्यासाठी कापली जाते. मालक आणखी सव्वातीन टक्के भरतो. या पैशांत कामगाराबरोबरच त्याची पत्नी किंवा पती, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यावरही उपचार होतात. मात्र आईवडिलांचं सर्व मार्गांनी मिळणारं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं. अनेकांच्या कार्डावर कुटुंबाची नावंच चढवलेली नसतात, हे दाखल करायच्या दिवशी कळतं. ती नावं कारखान्याकडून ऑनलाइन चढवून घेता येतात. अशा कामगाराने शेठकडे उचल मागण्याआधी हे काम करून मागावं. भाईंदरच्या लोकांना विमा योजनेचं कांदिवलीचं रुग्णालय लोकल गाडीने गाठता येतं. तातडीने दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं, तर खर्चाच्या परताव्याचा दावाही करता येतो. त्यासाठी सगळी मूळ बिलं जपून ठेवावी लागतात.

पगार २१,००० च्या वर असेल, तर पुढचा प्रश्न महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि उपचार तिच्या यादीत असला पाहिजे, या दोन अटी आहेत. दाखल करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारायचं. पैसे भरून झाल्यावर चौकशी करण्यात अर्थ नसतो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचे कागद दाखवावे लागतात.

तिसरा मार्ग स्वतःच्या पीएफचा. घरातल्या माणसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पीएफमधून रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. आधार, बँक खातं आणि यूएएन जोडलेले असतील, तर अर्ज मोबाइलवरून होतो. पण नावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही दावा अडकवू शकतो, आणि दावा मंजूर झाला तरी पैसे खात्यात यायला काही दिवस जातात. शस्त्रक्रिया उद्या असेल, तर पीएफ डिस्चार्जच्या बिलासाठी धरायचा, अनामत रकमेसाठी नाही.

एक हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण असा हिशेब दर महिन्याला कोणाच्या तरी घरी मांडला जातो. भाईंदर पूर्वेच्या एका भांड्यांच्या कारखान्यात तो पॅकिंग बघतो. पगार २६,०००. त्यातून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन हातात २४,००० पडतात. १९ जूनच्या रात्री त्याची आई मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. रात्रीच्या वेळी जवळ मिळालेलं खासगी रुग्णालय योजनेत नाही, आणि आईला हलवायला डॉक्टर तयार नाहीत. लेखी अंदाज १,४०,००० रुपयांचा. शस्त्रक्रिया २१ तारखेला, त्याआधी ८०,००० अनामत.

त्याच्याकडे स्वतःचे ३०,००० आहेत. भाऊ २५,००० देतो. पीएफचा ४५,००० चा अर्ज त्याने सकाळीच केला. बेरीज १,००,०००. कमी पडतात ४०,०००. शेठकडे मागायची रक्कम एवढीच. आता वेळेचा हिशेब. अनामत भरायला उद्या ८०,००० हवेत. भावाचे आणि स्वतःचे मिळून ५५,००० हातात आहेत. म्हणजे उद्या फक्त २५,००० लागतात. उरलेले १५,००० डिस्चार्जच्या दिवशी चालतील. ४०,००० एकदम मागण्यापेक्षा दोन टप्प्यांत मागितले, तर शेठलाही हालचाल करायला वेळ मिळतो.

या ४०,००० पैकी किती रक्कम काम झालेल्या दिवसांची घ्यायची? २० दिवसांचे त्याचे १६,००० होतात. ते सगळे घेतले, तर ७ जुलैला हातात ८,००० येतील आणि त्यातून घरभाडंही धड निघणार नाही. म्हणून तो त्यातले १०,००० घेतो. मग ७ तारखेला १४,००० येतील, घर ओढाताणीत का होईना चालेल. खरी उचल उरली ३०,०००. कायद्याप्रमाणे महिन्याला एकूण १३,००० पर्यंत कपात होऊ शकते. त्यातून पीएफ आणि कराचे २,००० वजा केले, तर ११,००० चा हप्ताही चालेल. पण तेवढा हप्ता भरून हा माणूस दुसऱ्या महिन्यात पुन्हा शेठच्या दारात उभा राहील. तो ५,००० चा हप्ता धरतो. जुलैच्या पगारापासून डिसेंबरच्या पगारापर्यंत सहा हप्ते. तोवर हातात १९,००० पडतील.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी, रजा. आईजवळ चार दिवस थांबायचं असेल आणि ती रजा बिनपगारी धरली गेली, तर १४,००० चे साडेदहा हजार होतील. शिल्लक रजा किती आहे हे आधी विचारून अर्जात तसंच लिहायचं.

अर्ज

एवढं झालं की अर्ज लिहायला पंधरा मिनिटं पुरतात. एका पानाच्या वर तो जाऊ नये.

दिनांक : २० जून

प्रति,
मा. मालक,
(कारखान्याचे नाव, गाळा क्रमांक), भाईंदर पूर्व

विषय : आईच्या शस्त्रक्रियेसाठी ४०,००० रुपये मिळण्याबाबत.

महोदय,
मी आपल्या कारखान्यात पॅकिंग विभागात सहा वर्षांपासून काम करत आहे. काल रात्री माझी आई घरात पडली. तिच्या खुब्याचे हाड मोडले असून उद्या, २१ जून रोजी, शस्त्रक्रिया ठरली आहे. रुग्णालयाने १,४०,००० रुपये खर्चाचा लेखी अंदाज दिला आहे. त्यापैकी १,००,००० रुपयांची सोय मी बचत, भाऊ आणि पीएफ यांतून केली आहे.

उरलेल्या ४०,००० रुपयांसाठी विनंती अशी की, जूनमध्ये आजपर्यंत केलेल्या कामाच्या पगारापैकी १०,००० रुपये आत्ताच द्यावेत आणि ३०,००० रुपये आगाऊ द्यावेत. २५,००० रुपये उद्या सकाळी व १५,००० रुपये डिस्चार्जच्या दिवशी मिळाले तरी चालतील. रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात भरल्यास हरकत नाही.

आगाऊ घेतलेले ३०,००० रुपये जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांच्या पगारातून दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे कापून घ्यावेत. ही रक्कम बिनव्याजी असावी, ही विनंती. २१ ते २४ जून अशी चार दिवसांची रजा माझ्या शिल्लक रजेतून द्यावी. २५ तारखेला मी कामावर हजर होईन.

सोबत खर्चाच्या लेखी अंदाजाची आणि दाखल केल्याच्या कागदाची प्रत जोडली आहे.

आपला विश्वासू,
(नाव, सही, मोबाइल)

मंजूर रक्कम : ............ हप्ता : ............ मालकाची सही व तारीख : ............

शेवटची ओळ विसरू नये. अर्ज दोन प्रतींत करायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शेठची किंवा अकाउंटंटची सही घेऊन ती घरी ठेवायची. फोनवर आधी बोलणं झालं असेल आणि पैसे आधी आले असतील, तरी हा कागद त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करायचाच. व्हॉट्सॲपवर पाठवलेला अर्जही चालतो, पण त्यावर ‘मंजूर’ असं उत्तर आलेलं हवं.

अर्जात काही गोष्टी मुद्दाम टाळल्या आहेत. आईचे इतर आजार, घरातली भांडणं, पूर्वीची कर्जं यांचा उल्लेख नाही. हा कागद अकाउंटंटच्या फायलीत वर्षानुवर्षं राहतो आणि गाळ्यात त्याची चर्चा होते. अंदाजपत्रक आणि दाखल केल्याचा कागद एवढा पुरावा पुरेसा असतो. ‘जमेल तेवढी मदत करावी’ हे वाक्यही नाही, कारण त्याला ‘सध्या जमत नाही’ हे उत्तर सहज देता येतं.

कुठे बिघडतं

पहिली बिघाडाची जागा म्हणजे तोंडी व्यवहार. शेठ रोख २०,००० देतात आणि हप्ता ठरत नाही. दिवाळीच्या तोंडावर अकाउंटंट एकदम १०,००० कापतो. कामगाराकडे दाखवायला काही नसतं. हे लवकर ओळखायचं असेल, तर पहिल्याच महिन्याची पगाराची स्लिप बघायची. उचलीची कपात त्यात वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर पुढच्या महिन्यात ‘आधीचं अजून बाकी आहे’ असं ऐकायची तयारी ठेवावी लागते. पैसे बँकेतून घेतले, तर रक्कम आणि तारीख यांचा वाद उरत नाही.

दुसरी जागा तारणाची. उचल देताना काही ठिकाणी कोरा सही केलेला चेक, एटीएम कार्ड किंवा मूळ कागदपत्रं ठेवून घेतली जातात. पगारातून हप्ता कापायची लेखी संमती हेच उचलीचं तारण असतं. त्यापलीकडे काही देऊ नये.

तिसरी जागा सगळ्यात गंभीर आहे. महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मुकादमाकडून घेतलेली उचल माणसाला हंगामभर, कधी पुढच्या हंगामातही कसं बांधून ठेवते, हे सगळ्यांना माहीत आहे. शहरातल्या गाळ्यातही ‘पैसे फिटेपर्यंत नोकरी सोडायची नाही’ असं लिहून घेतलं जातं. उचलीच्या बदल्यात माणसाचं काम सोडून दुसरीकडे जाण्याचं स्वातंत्र्य काढून घेणं १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. नोकरी सोडली, तर बाकी रक्कम देणं लागतो आणि शेवटच्या हिशेबात ती धरली जाते. पण त्यासाठी माणसाला थांबवून ठेवता येत नाही आणि त्याच्या पीएफलाही हात लावता येत नाही.

जिथे ही सोय आधीच आहे

सरकारी कर्मचाऱ्यांना अग्रिमांची नियमांत बसवलेली सोय आहे. मोठ्या कंपन्या, बँका, शाळा यांच्या कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्था असतात. सभासद संस्थेकडून कर्ज घेतो आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे हप्ता थेट पगारातून जातो. कोणालाही मालकाच्या केबिनमध्ये उभं राहावं लागत नाही. भाईंदरच्या गाळ्यांत वीस माणसांची वेगळी पतसंस्था चालणं अवघड आहे, पण एका वसाहतीतल्या अनेक गाळ्यांचे कामगार एकत्र आले तर ती उभी राहू शकते. त्याहून लवकर होण्यासारखं काम मालकांच्या हातात आहे. ‘सहा महिने काम झालेल्या माणसाला घरातल्या दवाखान्यासाठी एका महिन्याच्या पगाराइतकी उचल, सहा बिनव्याजी हप्ते’ एवढा एक नियम भिंतीवर लावला, तर एकाला दिली म्हणून चौघे येतील ही भीती उरत नाही आणि प्रत्येक वेळी नव्याने घासाघीस करावी लागत नाही.

तो नियम येईपर्यंत कामगाराने दोन कामं आजच करून ठेवावीत. पीएफ खात्यात आधार आणि बँक जोडलेले आहेत का ते तपासावं, आणि विमा कार्डावर किंवा शिधापत्रिकेवर आईवडिलांची नावं आहेत का ते बघावं. नसतील तर ती चढवून घ्यावीत. ही दोन कामं झालेली असली की शेठकडे मागायची रक्कम बऱ्याच घरांत कमी होऊ शकेल.